मदत हवी आहे: तीन दिवसांचे अनाथ पिल्लू थंड पडत आहे, नळीने दूध पाजावे का?

गोदाकाठ_नाशिक (रात्री ११.४०)
गंगापूर रोडवरील आमच्या इमारतीच्या वाहनतळात मांजरीने तीन पिल्ले दिली होती. काल ती गाडीखाली सापडून गेली. पिल्लांची नाळ अजून गळलेली नाही. स्वयंपाकघरातील काट्यावर दोघांची वजने १०८ आणि १०४ ग्रॅम भरली, तिसरे मात्र ८६ ग्रॅमचे आहे. थोरली दोघे मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारे पावडरचे दूध बाटलीने ओढून पितात. धाकटे तोंडात बोट दिले तरी चोखत नाही. संध्याकाळी मी त्याला ड्रॉपरने दोन मिली दूध पाजले, ते तासाभराने नाकातून जसेच्या तसे बाहेर आले. गुदद्वारातील तापमान ३३.४ अंश आहे. औषधाच्या दुकानातून तान्ह्या बाळांची पाच नंबरची फीडिंग ट्यूब आणली आहे. ती आत्ताच वापरावी का?

पंचवटीकर
आधी ऊब द्या. गरम पाण्याची पिशवी जाड पंचात गुंडाळून खोक्याच्या निम्म्या भागातच ठेवा. सोबत गायीच्या दुधात साखर घालून लगेच पाजा, पोटात काही गेल्याशिवाय अंगात ऊब येत नाही. आमच्या वाड्यात असेच करत.

श्वेतांबरी (दवाखान्यात साहाय्यक)
पंचवटीकरांचे पिशवीचे म्हणणे अगदी बरोबर आहे. निम्मा भाग मोकळा हवा, म्हणजे पिल्लाला उकडल्यास सरकता येते, आणि या अशक्त पिल्लाला सरकताही येत नसल्याने त्याची जागा तुम्हीच बदलत राहा. परंतु लगेच पाजण्याचे कृपया करू नका. शरीर ३५ अंशांखाली असताना आतड्यांची हालचाल जवळपास थांबते, दूध पोटात तसेच पडून राहते आणि उलटून फुफ्फुसात जाते. तुमच्याकडे नाकातून आलेले दूध त्याचेच लक्षण असावे. गायीचे दूधही नको: मांजरीच्या दुधाच्या मानाने त्यात प्रथिने आणि स्निग्धांश कमी असतात, शिवाय जुलाब लागतात.

एक ते तीन तासांत हळूहळू ऊब द्या, घाई करून हेअर ड्रायर लावू नका. अंग उबदार झाल्यावर ग्लुकोजच्या पाण्याचा एक थेंब हिरड्यांवर चोळा. तापमान ३५.५ च्या वर स्थिर राहिले, तरच नळीचा विचार करा. पिल्लाचे डोके सरळ धरून नाकाच्या टोकापासून शेवटच्या बरगडीपर्यंत नळी मोजा आणि तेथे खूण करा. पिल्लू पोटावर ठेवावे, उताणे कधीही नाही. नळी जिभेवरून अलगद सरकवा. खुणेआधीच अडली तर ती श्वासनलिकेत गेल्याचा संशय धरून बाहेर काढा. पिल्लू खोकले नाही म्हणून निश्चिंत राहू नका, एवढ्या लहान वयात खोकला येईलच असे नसते. पहिल्या वेळी दीड-दोन मिली कोमट दूध दोन मिनिटे लावून सोडा. नळी काढताना ती चिमटीत दाबूनच काढा, नाहीतर टोकाचे थेंब घशात पडतात; ही चूक मी स्वतः शिकताना केली आहे. शक्य असल्यास पहिली वेळ कोणी समोर दाखवत असतानाच करावी.

सातपूरचा_बोका
आमची पिल्ले नळीशिवायच वाढली. दहीभात दिला की दोन दिवसांत पळू लागतात.

श्वेतांबरी
ती महिना-दीड महिन्याची असावीत. येथे डोळेही उघडलेले नाहीत.

गोदाकाठ_नाशिक (पहाटे ४.५०)
बाहेर कडाक्याची थंडी आहे. दोन वाजता तापमान ३५.९ झाले, शेजारच्या परिचारिका काकूंनी नळी धरली, दीड मिली दूध गेले आणि उलटले नाही. ओल्या कापसाने पुसल्यावर लघवीही झाली. तरीही आता वजन ८४ ग्रॅम आहे, पिल्लू बारीक आवाजात सतत ओरडते आणि मान मागे टाकते. तापमान पुन्हा ३४.८ आहे.

श्वेतांबरी
पुढचे दूध थांबवा, पुन्हा ऊब द्या. रोज दहा-पंधरा ग्रॅम वाढायला हवे, त्याऐवजी घट, थांबत नसलेले रडणे, मागे वळलेली मान आणि ऊब देऊनही पुन्हा थंड पडणे ही पिल्लू मावळत चालल्याची लक्षणे आहेत. यामागे जंतुसंसर्ग, जन्मजात दोष किंवा साखर घटणे यांपैकी काहीही असू शकते, आणि ते घरी बसून ओळखता येत नाही. लघवीचा रंग कसा होता? लालसर-तपकिरी असल्यास आईच्या पहिल्या दुधातून रक्तगट न जुळल्याचाही विचार करावा लागतो.

गोदाकाठ_नाशिक
फिकट पिवळा.

श्वेतांबरी
मग ती शंका कमी झाली, पूर्ण गेली नाही. तोंड उघडून श्वास घेऊ लागले किंवा हिरड्या पांढऱ्या पडल्या, तर सकाळची वाट पाहू नका. खोके पिशवीसकट न्या, दोघांची रात्रीपासूनची वजनेही लिहून घ्या. ती कमी होत असतील तर डॉक्टर तिघांकडेही त्याच नजरेने पाहतील.

गोदाकाठ_नाशिक (सकाळी ९.२०)
दवाखान्यातून लिहितो आहे. त्वचेखाली कोमट सलाईन दिले असून ऊब सुरू आहे. कारण सांगता येत नाही असे डॉक्टर म्हणाले. थोरली दोघे ११६ आणि ११३ ग्रॅम आहेत, धाकटे अजूनही ८४.