मदत हवी आहे: डोक्यावर घोंगडीची खोळ चढवली, पण चेहऱ्यावरची सावली पटत नाही

पार्कचौक: नमस्कार मंडळी. मी सोलापुरात फोटो रिटचिंगची कामं करतो. एका हौशी नाट्यमंडळाच्या पोस्टरसाठी म्हाताऱ्या धनगराच्या वेशातल्या कलाकाराचा फोटो आला आहे. संक्रांतीच्या आठवड्यात दुपारी साडेबाराला गच्चीवर, दक्षिणेकडे तोंड करून काढलेला. डोकं उघडं आहे. आता दिग्दर्शकांना डोक्यावर काळ्या घोंगडीची खोळ हवी आहे आणि कलाकार परगावी गेलेत.

खोळ जोडली, कपाळ झाकलं. खालचा भाग काळ्या ब्रशने Multiply वर गडद केला. पण चेहऱ्याला राख फासल्यासारखी दिसते आणि खोळ अधांतरी वाटते. चुकतंय कुठे?

रंगारी_ताई: दादा, सावली फार कडक असेल. Gaussian Blur ४०-५० द्या, मऊ होईल. आणि कपाळाची, गालाची घामट चमक आधी काढा. सावलीत चमक राहिली की ती करडी दिसते.

जुनीलेन्स: ताईंचं चमकेबद्दलचं अगदी बरोबर. Blur मात्र या उन्हात चालणार नाही. सूर्याच्या सावलीची कड किती विरते ते अंतरावर ठरतं, साधारण अंतराच्या शंभराव्या भागाइतकी. खोळीची कड चेहऱ्यापासून ६-७ सेंटिमीटरवर असेल तर कड अर्धा-पाऊण मिलिमीटर विरेल. चेहरा १४०० पिक्सेल रुंद धरला तर ६-७ पिक्सेल, बस. ५० दिलंत की ढगाळ दिवसाची सावली होते, आणि नाकाखाली कडक ऊन तसंच राहतं.

पार्कचौक, नाकाची सावली कुठवर पोचते ते मोजा. तीच तुमची पट्टी.

पार्कचौक: शेंड्यापासून वरच्या ओठापर्यंत, किंचित उजवीकडे झुकलेली. चेहऱ्याच्या मापाने अडीच सेंटिमीटर असेल.

जुनीलेन्स: नाक ओठाच्या पुढे २ सेंटिमीटर आलं असेल, तर सावली पुढे आलेल्या अंतराच्या सव्वापट खाली पडते. संक्रांतीला सोलापुरात भर दुपारी सूर्य ५१ अंशांवर असतो, त्याच्याशी हे जुळतं. आता खोळीची कड कपाळापासून ४ सेंटिमीटर पुढे धरा. सावली कडेच्या ५ सेंटिमीटर खाली, म्हणजे खालच्या पापणीच्या आसपास जाईल, आणि तितकीच उजवीकडे झुकेल.

पण सरळ रेघ ओढू नका. डोळ्याची खोबण मागे आहे, तिथे सावली आणखी खाली उतरते. नाक पुढे आहे, त्यामुळे त्याच्या दांड्यावर कड वर चढते आणि शेंडा उन्हातच राहतो. ही वरखाली झालेली कड दिसली की खोळ डोक्यावर बसते.

राखेचं कारण काळा रंग. काळ्याऐवजी Curves चा थर घ्या आणि मास्कने सावलीचा आकार द्या. हनुवटीखालच्या मानेवरची सावली तुमच्याच फोटोत आहे. तिच्याइतकाच गडदपणा आणि तिच्याइतकीच तांबूस छटा येईपर्यंत वक्र ओढा. आणि एक राहून जातं: सावलीच्या हद्दीत आता ऊन पोचत नाही, म्हणून भुवयांनी खोबणीत टाकलेली जुनी सावली आधी उजळून सपाट करा. नाहीतर दोन सावल्या एकावर एक बसतात.

सासूबाई_अकलूज: माझ्या मुलाच्या लग्नात फेट्याखाली नवरदेवाचे डोळे काळे आलेत. ते याच पद्धतीने उजळतील का?

जुनीलेन्स: ताई, तुमचं उलटं काम आहे, तिथे सावली खरीच आहे. फक्त डोळ्यांपुरता Curves थोडा वर घ्या, पण फेट्याच्या कडेखालची गडद पट्टी पुसू नका.

माळरान: आमच्या घरी मेंढ्या होत्या. काळी घोंगडी आतून उजेड परत देत नाही, त्यामुळे खोळीच्या आत कपाळाची वरची बाजू सगळ्यात काळी. उजेड येतो तो जमिनीवरून. तुमची गच्ची पांढरी असेल, तर नाकपुड्यांच्या आणि भुवयांच्या खालच्या बाजूला किंचित उजेड दिसला पाहिजे. आणि कड कापडासारखी गुळगुळीत कापू नका, लोकरीचे केस सावलीतही थोडे उमटतात.

पुन्हा फोटो काढायला जमत असेल तर तेच करा. कुणाच्याही डोक्यावर घोंगडी घाला, त्याच गच्चीवर, त्याच वेळेला. जानेवारी संपायच्या आत. मे महिन्यात सूर्य डोक्यावर येतो, तेव्हा सगळा चेहरा बुडेल.

पार्कचौक: आज दुपारी भावाच्या डोक्यावर घोंगडी घालून काढला. नाकाच्या दांड्यावरची कड खरंच वर चढते, मी ती आडवी ओढली होती. Curves ने राखही गेली.

डोळ्यांतल्या चमकेचं मात्र कळत नाही. मूळ फोटोत बुबुळाच्या वरच्या भागात आभाळाचा ठिपका आहे. तो पुसला तर डोळे मेलेले दिसतात, ठेवला तर खोळ खोटी वाटते.

जुनीलेन्स: वरचा पुसा, खाली जमिनीचा मंद पट्टा ठेवा.

रंगारी_ताई: पोस्टर लांबून बघायचं आहे, मी वरचाच अर्धा ठेवीन. म्हातारबाबा बघताहेत असं वाटलं पाहिजे.

पार्कचौक: दोन्ही काढून दिग्दर्शकांना दाखवतो.