मदत हवी आहे: अरबीत लग्नाच्या शुभेच्छा, उद्या दुपारपर्यंत

मस्कतकर
ऑफिसातल्या सहकाऱ्याचं लग्न आहे. विभागातर्फे कार्ड द्यायचंय आणि ते अरबीतच हवं असं ठरवून साहेबांनी काम माझ्या गळ्यात मारलं. का, तर मी इथे अकरा वर्षं आहे. अकरा वर्षांत माझी अरबी टॅक्सीवाल्याशी भाडं ठरवण्यापुरतीच झाली आहे. दोन-तीन ओळी हव्यात, आशीर्वादासकट. इथे अरबी लिपी चिकटवली की नुसते चौकोन दिसतात, तेव्हा देवनागरीत लिहा. रुवीतला कार्डवाला ऐकून अरबीत उतरवून देतो. उद्या गुरुवार, दोनच्या आत कार्ड हातात द्यायचंय.

हापूसवाला
'अल्फ मबरूक' लिहा. म्हणजे हजार वेळा अभिनंदन. काम झालं.

शुद्धलेखन
'मबरूक' हा अशुद्ध शब्द आहे. तो उंट खाली बसण्याच्या क्रियापदावरून येतो. बरकतीवरून होतो तो 'मुबारक'. कार्डावर तरी शुद्ध लिहा.

दर्यावर्दी
शुद्धलेखनराव, व्याकरणवाले म्हणतात ते खरं, पण मोरोक्कोपासून मस्कतपर्यंत सगळे 'मबरूक'च म्हणतात आणि आजवर कुणाला उंट आठवलेला नाही.
मस्कतकर, आधी तीन गोष्टी सांगा. सहकारी ओमानीच की इजिप्तचा, लेबनॉनचा? मुसलमान की ख्रिश्चन? आणि उद्या नक्की काय आहे, निकाहाचा करार की लग्नाचा समारंभ? गल्फमध्ये कराराला 'मिलका' म्हणतात आणि समारंभ कधीकधी कित्येक महिन्यांनी होतो.

मस्कतकर
ओमानी, मुसलमान. मिलका वगैरे माहीत नाही, शुक्रवारी हॉलमध्ये जेवण आहे एवढं कळलंय. मजकूर द्या हो.

पिरॅमिडवाली
मी कैरोत सहा वर्षं काढली. तिथे सर्रास 'बिर्-रफाह वल्-बनीन' म्हणतात. छान नाद आहे. तेच लिहा.

दर्यावर्दी
ताई, नाद छान आहे, पण अर्थ 'सुखासमाधानानं नांदा आणि मुलगे होवोत'. बनीन म्हणजे मुलगे. ही इस्लामपूर्व काळातली शुभेच्छा. हदीसमध्ये किस्सा आहे: पैगंबरांचे चुलतभाऊ अकील यांच्या लग्नात लोक हेच म्हणाले, तेव्हा त्यांनी अडवलं आणि असं नका म्हणू, त्याऐवजी बरकतीची दुआ द्या, असं सांगितलं. कैरोत आज कुणी बोललं तर चालून जातं. धार्मिक घरात, तेही परक्यानं लिहून दिलेल्या कार्डावर, कशाला जोखीम?
आमच्या रत्नागिरीकडे निकाह झाला की मौलवी जी दुआ म्हणतात तीच घ्या. करार असो की समारंभ, दोन्हीला चालते:
बारकल्लाहु लक, व बारक अलैक, व जमअ बैनकुमा फी खैर.
अल्लाह तुला बरकत देवो, तुझ्यावर बरकत ठेवो, आणि तुम्हा दोघांना भल्यात एकत्र आणो. कार्डवाल्याला पहिले तीन शब्द ऐकवले की पुढचं तो स्वतःच म्हणेल.

पिरॅमिडवाली
माझ्या शेजारच्या हाजींच्या घरातही बनीनच म्हणायचे. इतकं काही बिघडत नाही.

दर्यावर्दी
असेल. मी लिहिणार नाही.

सोलापुरी
मुलगा कुठल्या पोस्टवर आहे? माझा भाचा ओमानला जायचं म्हणतोय, व्हिसाचं काही कळेल का?

हापूसवाला
शेवटी 'उक्बालक' टाका. आमच्या जॉर्डनच्या फोरमनच्या तोंडी लग्नात तेच असायचं.

दर्यावर्दी
अहो, ते 'पुढचा नंबर तुझा' असं अविवाहितांना म्हणायचं असतं. नवऱ्या मुलाला लिहिलंत तर त्यानं पुन्हा बोहल्यावर चढायचं का? आणि 'मिन्कल् माल व मिन्हल् इयाल', म्हणजे तुझ्याकडून पैसा आणि तिच्याकडून मुलं, हे पण कुणी सुचवू नका. ते दोस्तांनी पाठीवर थाप मारत म्हणायचं, ऑफिसच्या कार्डावर नाही.

मस्कतकर
'तुझ्याकडून पैसा' कुणाला म्हणणार? नवरी तीच आहे. आमच्या अकाउंट्समधली मॅडम.

दर्यावर्दी
आणि हे आत्ता सांगताय! 'सहकाऱ्याचं' लिहिलंत ना वर.

शुद्धलेखन
'सहकारी' स्त्रीलाही चालतं. धागाकर्त्याचं मराठी बरोबर आहे.

दर्यावर्दी
मराठी बरोबर, पण अरबी बदलतं. बाईला 'लकि' आणि 'अलैकि' म्हणायचं. लिहिताना गंमत अशी, की मात्रा काढत नाहीत त्यामुळे 'लक' आणि 'लकि' कागदावर सारखेच दिसतात. फरक फक्त तोंडी. पण कार्ड विभागाचं आहे आणि शुभेच्छा जोडप्याला, तेव्हा सरळ द्विवचन घ्या, म्हणजे स्त्री-पुरुष हा प्रश्नच उरत नाही. अरबीत संस्कृतसारखं द्विवचन आहे. पूर्ण मजकूर:

अल्-उस्ताझा अल्-फादिला (पुढे मॅडमचं नाव)
अल्फ मबरूक. बारकल्लाहु लकुमा, व बारक अलैकुमा, व जमअ बैनकुमा फी खैर.
मअ तहियात झुमलाइकि फिल्-किस्म.

पहिली ओळ 'आदरणीय मॅडम' अशी. शेवटची, 'विभागातल्या तुमच्या सहकाऱ्यांकडून शुभेच्छांसह'. 'हबीबती' वगैरे काही नको, तुम्ही पुरुष आहात. नवरदेवाचं नाव माहीत नसेल तर विचारत बसू नका, द्विवचनात तो आलाच.
आता सगळ्यात महत्त्वाचं. दुकानातली तयार कार्डं बहुतेक नवरदेवासाठी असतात, वर 'अरीस' छापलेलं असतं. नवरीला 'अरूस'. दोन्ही शब्द चार अक्षरी, फरक तिसऱ्या अक्षराचा. उजवीकडून तिसरं अक्षर बघा: त्याखाली दोन टिंबं असतील तर तो नवरदेव. टिंबं नसून स्वल्पविरामासारखं शेपूट असेल तर नवरी.

आशाताई
आहेर किती घालायचा ते पण कुणीतरी सांगा. आमच्याकडे एकावर एक असतो, एकशे एक, पाचशे एक. तिकडे रियालात एक वाढवलेला चालतो का?

मस्कतकर
ताई, वर्गणी साहेबांनी ठरवलीय. दर्यावर्दी, धन्यवाद, उद्या दुकानात जातो.

मस्कतकर (गुरुवार, सकाळी ११:४०)
दुकानातून लिहितोय. तुम्ही म्हणालात तसंच, पहिले तीन शब्द ऐकले आणि कार्डवाल्यानं पुढची दुआ स्वतःच म्हणून दाखवली. पण कार्डाच्या कपाळावर मोठ्या सोनेरी अक्षरात एक शब्द आहे आणि त्याच्या तिसऱ्या अक्षराखाली दोन टिंबं! मी बोट ठेवलं तर तो हसला, आतून दुसरं कार्ड आणलं. त्याच्यावर शेपूट आहे.
आता शंका दुसरीच. त्यानं दुआत 'लकुमा' नाही, 'लकुम' लिहिलंय. म्हणतो असंच चांगलं.

दर्यावर्दी
ते अनेकवचन. आदरानं लिहितात, चूक नाही. दोघांनाच म्हणायचं तर 'लकुमा' हवं. मीम अक्षरानंतर एक उभी रेघ वाढवायची, शाई ओली असेल तर जमेल. 'अलैकुम' लिहिलं असेल तर तिथेही वाढवा. पण 'बैनकुमा'ला ती रेघ आहे ना ते आधी बघा, एकीकडे दोघं आणि दुसरीकडे वऱ्हाड असं नको.

मस्कतकर
'बैन'वाल्याला आहे. बाकी दोन्हीकडे आत्ता ओढून घेतली. देताना मॅडम काही म्हणाल्या तर?

दर्यावर्दी
'अल्लाह यबारिक फीक' म्हणतील. तुम्ही नुसतं हसून मान लववा. हात पुढे करू नका, त्यांनी केला तर गोष्ट वेगळी.

सोलापुरी
व्हिसाचं राहिलं.

मस्कतकर (गुरुवार, दुपारी ३:१०)
दिलं. मॅडमनी वाचलं, पहिल्या ओळीवर थांबल्या आणि विचारलं, हे अरबी कुणी लिहिलं. मी कार्डवाल्याचं नाव सांगितलं. आता साहेब म्हणतायत, ईदचं कार्डपण तूच कर.