राऊटर अपडेट केला अन् नेट गेलं: तुमचे अनुभव सांगा

मांजराकाठ: काल शेजारच्या काकू म्हणाल्या, "वायफाय हाय, पण नेट येईना." मला माझी लातूरची शनिवारची रात्र आठवली. अपडेटचं बटण दाबलं, राऊटर चालू-बंद झाला अन् वायफायचं नाव बदलून बुडाच्या स्टिकरवरचं झालं. तिथंच समजायला पाहिजे होतं की सगळ्या सेटिंग पुसल्या. मी मात्र तासभर वायरी काढून घालत बसलो. शेवटी 192.168.0.1 उघडलं, तर WAN मध्ये PPPoE च्या जागी Dynamic IP आणि पत्ता 0.0.0.0. युजरनेम जुन्या पावतीवर सापडलं, पासवर्ड कुठंच नाही. सोमवारी केबलवाल्यानं फोन उचलला तेव्हा नेट आलं. तुमचं काय झालं?

हुरडा_पार्टी: DNS मध्ये 8.8.8.8 टाका, होतंय. माझं झालं होतं.

खांबावरचा: दादा, तुमचं DNS च बिघडलं असंल. इथं 0.0.0.0 हाय, म्हणजे राऊटरला पत्ताच मिळाला नाही. DNS ची पाळी त्याच्यानंतर येते. मी नांदेडात हेच काम करतो. आधी फायबरच्या डब्बीवर LOS लाल हाय का बघा. लाल नसंल अन् PON हिरवा, स्थिर असंल तर लाईन बहुतेक ठीक, घोळ राऊटरात. मग PPPoE निवडून लॉगिन टाका. authentication failed आलं तर युजरनेम नाहीतर पासवर्ड चुकलाय. काही उत्तरच येत नसंल तर VLAN नंबर पुसला गेला असंल. तो अंदाजानं टाकू नका, कंपनीला विचारा.

माई: आमच्याकडं तर लाईटच नाही सकाळपासून 😅 कसलं अपडेट न् कसलं काय. लेकराचा ऑनलाईन क्लास बुडाला.

परभणीकर: माझं लॉगिन बरोबर होतं, तरी नाकारायलं होतं. कंपनीनं जुन्या राऊटरचा MAC बांधून ठेवलेला. नव्या राऊटरात मी तोच क्लोन केला होता, ते अपडेटमध्ये उडालं अन् हे मी साफ विसरलो होतो! दोन दिवस गेले.

खांबावरचा: हौ, होतं असं. कधी कधी जुनं सेशन त्यांच्याकडं अडकलेलं असतं, तेव्हाबी नाकारतं. दहा मिनिटं राऊटर बंद ठेवून बघायचं.

मांजराकाठ: अपडेटच्या आधी बॅकअप फाईल घेतली असती तर?

परभणीकर: माझी फाईल नव्या व्हर्जननं घेतलीच नाही. आता WAN च्या पानाचा फोटो काढून ठेवतो.

खांबावरचा: फोटोत पासवर्ड ठिपक्यांतच दिसंल बरं का.

परभणीकर: अरे हां 🤦

माई: लाईट आली! पण नेट नाही. LOS लाल हाय. आता?

खांबावरचा: ताई, त्यो अपडेटचा घोळ नाही. केबलवाल्याला फोन लावा.

हुरडा_पार्टी: माई, तवर 8.8.8.8 टाकून बघा 😂