मदत हवी आहे: डिजिटल मार्केटिंग एजन्सीकडून काही फी परत मागायची आहे

प्रपोजलमध्ये लिहिलं होतं: सहा महिन्यांत वेबसाइटवरच्या चौकशा दुप्पट, मोजमाप फॉर्म आणि कॉलवरून. आम्ही त्या वाक्यावरच होकार दिला. चौकशा वाढल्या नाहीत. रिपोर्टमध्ये फक्त रीच आणि इम्प्रेशन्स. फॉर्मचं कन्व्हर्जन ट्रॅकिंग त्यांनी लावलंच नव्हतं, याचा फार संताप आहे.

जाहिरातींचा खर्च थेट प्लॅटफॉर्मला गेला, तो मागत नाही. डिझाइनचं काम झालं, त्याची फी त्यांचीच. ट्रॅकिंग आणि लीड जनरेशनची फी मात्र परत हवी. पत्रात प्रपोजलचं वाक्य जसंच्या तसं आणि शेजारी प्रत्यक्ष आकडे देतोय.

अडचण अशी, की सही झालेल्या करारात ‘निकालाची हमी नाही’ असं कलम आहे. मग मागणी न मिळालेल्या निकालापेक्षा न केलेल्या ट्रॅकिंगवर उभी करावी का? असं पत्र कोणी लिहिलंय का?