मदत हवी आहे: शिडीच्या गणिताचं उत्तर ६ कसं येतं?

निशिगंध
फोटो जोडलाय. भिंतीला टेकवलेली शिडी आहे, ती किती उंचीवर टेकते ते काढायचंय. मागे उत्तर ६ दिलंय, माझं ६.९६ येतं. दोनदा करून पाहिलं. मुलीची उद्या चाचणी आहे आणि तिला मी असंच शिकवून बसलेय. लवकर सांगा.

समांतर
फोटो हललाय. ६.५ आणि २.५ एवढंच कसंबसं वाचता येतं. ६.५ शिडीचं माप आहे की भिंतीचं? प्रश्नाची ओळ कुठे आहे? आणि तुम्ही केलं काय, तेही लिहा.

निशिगंध
६.५ शिडीला लागून लिहिलंय, दिसतंय की. २.५ खाली जमिनीवर. दोन्ही मीटर. वर्ग केले, ४२.२५ आणि ६.२५. बेरीज ४८.५, वर्गमूळ ६.९६. पायथागोरस म्हणजे हेच ना?

गच्ची
एवढं कशाला? स्क्रीनवर पट्टी ठेवा. मी मोजलं: शिडी ९.१ सेंमी, भिंत शिडीच्या टोकापर्यंत ७.८. त्या प्रमाणात उंची ५.६ च्या आसपास येते. म्हणजे ६.९६ नक्की चूक.

समांतर
गच्ची, चूक आहे हे बरोबर ओळखलंत, पण पट्टीने ६ कधीच येणार नाही. फोन तिरका धरून फोटो काढलाय. पानाचा वरचा भाग कॅमेऱ्यापासून लांब गेला, म्हणून भिंत आखूड दिसते आणि कोपऱ्यातला कोनही काटकोन वाटत नाही. तिथली छोटी चौकोनी खूण बघा, काटकोन आहे हे ती सांगते. विश्वास त्या खुणेवर आणि लिहिलेल्या आकड्यांवर ठेवायचा, रेघांच्या लांबीवर नाही.

निशिगंध, त्या खुणेच्या समोरची बाजू शोधा. ती शिडी आहे, म्हणजे कर्ण शिडीच. भिंत आणि जमीन यांच्या वर्गांची बेरीज शिडीच्या वर्गाएवढी होते. तुम्हाला शिडी आधीच माहीत आहे, म्हणून इथे वजाबाकी: ४२.२५ − ६.२५ = ३६, उंची ६ मीटर. मुलीला एक ताळा सांगा: साडेसहा मीटरची शिडी अगदी सरळ उभी केली तरी ६.९६ मीटरवर पोचत नाही.

रंगारी
उंची ६ आणि पाय २.५ मीटर बाहेर? अशी शिडी मी कोणाला चढू देणार नाही. चार भाग उंचीला एक भाग बाहेर, असं आम्ही धरतो. ६ मीटरला पाय दीड मीटरवर हवा. गुळगुळीत फरशीवर माझी शिडी एकदा सरकली होती, पाय असाच फार बाहेर होता.

त्रिज्या
वर्ग नकोतच. २.५ ला ६.५ ने भागा, कोसाइनवरून कोन ६७.४ अंश, मग ६.५ गुणिले साइन. उत्तर तेच.

समांतर
तेच, पण कोन ६७ धरला की ५.९८ येतं आणि मूल गोंधळतं. कोन विचारलेला नाही.

त्रिज्या
रंगारींच्या मुद्द्याला कोनच लागतो. चारास एक म्हणजे जवळपास ७६ अंश, आकृतीत ६७. त्यांची तक्रार खरी आहे.

निशिगंध
६ आलं, आभार! पण खाली दुसरा भाग आहे: पाय १.४ मी. सरकवला तर वरचं टोक किती सरकेल? शिडी तीच, म्हणजे टोकही १.४ च सरकणार ना?

समांतर
नाही. लांबी तीच राहते, पण म्हणून दोन्ही टोकं सारखी सरकत नाहीत. पाय बाहेर नेला असं धरू. आता तो २.५ + १.४ = ३.९ वर. त्याचा वर्ग १५.२१. ४२.२५ मधून वजा केला की २७.०४, म्हणजे उंची ५.२. टोक ०.८ मीटरच उतरलं. नवीन उंची दरवेळी पूर्ण काढायची आणि मग जुनीतून वजा करायची. १.४ चा एकट्याचा वर्ग करू नका, ती त्रिकोणाची बाजूच नाही.

गच्ची
पण "बाहेर" कुठे लिहिलंय? फोटोत ती ओळ "सरकवला" पाशी कापली आहे. आत नेला तर पाय १.१ वर, टोक चढून ६.४१ च्या जवळ जाईल.

समांतर
हो, तेही होऊ शकतं. ५.२ इतकं नेमकं सुटतं म्हणून मला बाहेर वाटतं, पण तो अंदाजच. मागे दुसऱ्या भागाचं उत्तर आहे का?

निशिगंध
मागे फक्त पहिल्याचं आहे. पुस्तक तिच्या मैत्रिणीकडे गेलंय, फोटो तेवढाच. दोन्ही लिहून घेतलं. सकाळी तिच्याकडून आधी शिडीखाली "कर्ण" लिहून घेते.