बँकेचा 'केवायसी अपडेट करा, खाली लिंक आहे' असा मेल आल्यावर तुम्ही काय केलंत? अनुभव लिहा

मुलुंडची_मीनल
मला परवा बँकेचा मेल आला, तुमच्या केवायसीची मुदत संपत आलीय, खालच्या लिंकवर जाऊन माहिती अद्ययावत करा. एरवी असले मेल मी सरळ उडवते, पण यात 'प्रिय ग्राहक' नव्हतं, माझं पूर्ण नाव होतं आणि खात्याचे शेवटचे चार आकडे बरोबर होते. वर नवरा म्हणतो खरंच असलं आणि तू काही केलं नाहीस तर खातं बंद पडेल आणि नेमका तिकडूनच होमलोनचा हप्ता जातो. तर प्रश्न असा, की असा मेल खरा की खोटा हे तुम्ही कसं ठरवलंत, आणि उत्तर दिलंत तर कुठून दिलंत? 'सावध राहा' एवढंच नको, काय केलंत ते सांगा.

बिनधास्त_बंड्या
बँक कधीच लिंक पाठवत नाही. डिलीट करा आणि झोपा. विषय संपला.

निवृत्त_कॅशियर
बंड्याभाऊ, विषय तिथे संपत नाही हो. बँका मेल पाठवतात, त्यात लिंकही असते, आणि सगळेच मेल उडवत बसलात तर एक दिवस खरंच व्यवहार अडतो. माझी नोकरी काउंटरच्या आतल्या बाजूला गेली म्हणून सांगतो. केवायसी ठरावीक काळाने परत करावीच लागते, जास्त जोखमीच्या ग्राहकाची २ वर्षांनी, मधल्याची ८ आणि कमी जोखमीच्याची १० वर्षांनी. पगारदार, पेन्शनवाले बहुतेक शेवटच्या गटात येतात.

आता खरी गंमत ऐका. तुमच्या माहितीत काहीच बदललं नसेल तर कागद लागतच नाहीत. 'माझ्या केवायसी माहितीत बदल नाही' एवढं स्वतःचं निवेदन पुरतं, आणि ते नोंदवलेल्या ईमेलवरून, नोंदवलेल्या मोबाइलवरून, एटीएमवरून, नेटबँकिंगमधून किंवा साध्या पत्राने देता येतं. रिझर्व्ह बँकेने २०२३ च्या जानेवारीत हे परत एकदा स्पष्ट केलंय. नुसता पत्ता बदलला असेल तरी नवा पत्ता निवेदनातच कळवायचा, बँक नंतर तपासून घेते. मग ज्या कामाला एक ओळ पुरते त्यासाठी कोणी कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे, पिन, ओटीपी मागत असेल तर तो केवायसी करत नाहीये, दुसरंच काहीतरी करतोय.

आणि '२४ तासांत खातं बंद' हे तर नियमातच बसत नाही. १२ जून २०२५ च्या सुधारणेनुसार मुदत संपायच्या आधी बँकेने किमान तीन वेळा कळवायचं, त्यातलं एक पत्राने, मुदत उलटल्यावर परत तीन स्मरणपत्रं, त्यातही एक पत्राने. कमी जोखमीच्या ग्राहकाला मुदत उलटल्यावरही निदान वर्षभर व्यवहार करू द्यायचेत. मीनलताई, तुमच्या मेलात घाई होती का?

मुलुंडची_मीनल
नाही काका, महिनाभराची मुदत दिलीय आणि भाषा पण नीट आहे. म्हणून तर गोंधळ.

सांगलीची_सुमन
आमच्या पतसंस्थेतून मेल वगैरे काही येत नाही, शिपाई घरी येतो आणि आधारची झेरॉक्स द्या म्हणतो. मी दिली बाई, पण झेरॉक्सवर आडवी रेघ मारून 'फक्त केवायसीसाठी' आणि तारीख लिहिली. इथे लिंकचं विचारलंय माहितीये, पण झेरॉक्स कुठे फिरत जाते कोणाला ठाऊक, म्हणून सांगितलं.

कोथरूडचा_कोडर
मीनल, माझ्याकडे आलेला एक मेल मी मागे उघडून बघितला होता, तोच सांगतो. नाव होतं बँकेचं, अगदी लोगोसकट. पण पाठवणाऱ्याचं दिसणारं नाव कोणी काहीही टाकू शकतो, म्हणून मी त्या नावाखालचा छोटा बाण दाबून पूर्ण पत्ता उघडला. तिथे बँकेचं नाव आणि `kyc` हे एका डॅशने जोडलेलं, म्हणजे कोणीही विकत घेईल असं डोमेन. मग काँप्युटरवर जीमेलमध्ये तीन टिंबांवर जाऊन `Show original` केलं, तर `Reply-To` मध्ये तिसराच पत्ता, फुकटातला. म्हणजे मी नुसतं रिप्लाय दाबून 'बदल नाही' असं लिहिलं असतं तरी ते त्या तिसऱ्याच माणसाकडे गेलं असतं, आणि माझा पत्ता चालू आहे हे त्याला कळलं असतं ते वेगळंच.

लिंकवर बोट दाबून धरलं (टॅप नाही, दाबून धरायचं) तर पत्ता दिसतो. तो साधारण असा होता, खरं नाव मुद्दाम बदललंय:

```
https://amchibank.bank.in.kyc-update.example/login
```

हे डावीकडून वाचलं की माणूस फसतो, कारण सुरुवातीलाच बँक दिसते. मी `https://` च्या पुढची पहिली एकटी तिरकी रेघ शोधतो आणि तिथून उलटा मागे वाचत येतो. इथे `kyc-update.example` आधी लागलं, म्हणजे मालक तो. त्याच्या आधी कोणी `bank.in` लिहो नाहीतर आणखी काही, ती नुसती सजावट. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत `.bank.in` वर यायला सांगितलं होतं आणि ते नाव हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडूनच मिळतं, फक्त बँकांना. त्यामुळे उलटं वाचल्यावर रेघेला चिकटून `bank.in` असलं तर बरीच खात्री. पण मेल सगळ्यांनी तिकडे हलवलेत असं धरू नका.

नाशिकची_नेहा
मी तर कुलपाचं चिन्ह बघते, कुलूप असलं की साइट सेफ. आणि `Show original` मध्ये SPF, DKIM, DMARC तिन्हीपुढे PASS लिहिलेलं असलं तर मेल १००% खराच, आमच्या ऑफिसच्या आयटीवाल्याने सांगितलंय.

कोथरूडचा_कोडर
अर्धं बरोबर. PASS म्हणजे मेल ज्या डोमेनचा म्हणतोय त्याच डोमेनवरून आलाय, एवढंच. चोराने स्वतःचं डोमेन घेतलं आणि नीट लावलं तर त्यालाही तिन्ही PASS मिळतात, माझ्या त्या मेलला होते. म्हणजे PASS च्या शेजारी कोणाचं नाव आहे ते वाचायचं. FAIL दिसलं तर मात्र कामाचं, बहुधा बँकेचं नाव उसनं घेतलंय. कुलपाचंही तेच, मधला प्रवास बंदिस्त आहे एवढंच ते सांगतं, समोर कोण बसलंय ते नाही.

ओहायोचा_ओंकार
इथून एनआरई खात्याची केवायसी म्हणजे वेगळाच ताप. आपल्याला शाखेत जाता येत नाही, भारतातला नंबर रिचार्ज न केल्याने बंद, त्यामुळे ओटीपी नाही, उरला मेल. असा मेल आला तेव्हा मी त्याला हात लावला नाही, नवीन मेल उघडून पासबुकावरच्या शाखेच्या पत्त्यावर लिहिलं की मला अशा मजकुराचा मेल आलाय, तो तुमचा आहे का, आणि माझी केवायसी खरंच बाकी आहे का. त्यांनी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिलं, हो बाकी आहे, पासपोर्ट आणि व्हिसाच्या साक्षांकित प्रती पाठवा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर काही दिलं नाही!

निवृत्त_कॅशियर
ओंकार, तुम्ही केलंत तेच योग्य. शाखेतल्या माणसाला कुठला मेल मुख्य कार्यालयातून सुटलाय ते दिसत नाही, पण तुमच्या ग्राहक क्रमांकापुढे केवायसीची तारीख दिसते. म्हणून 'मेल खरा का' विचारण्यापेक्षा 'माझी तारीख कधी आहे' विचारावं.

कल्याणचा_केदार
सासऱ्यांचं सांगतो. त्यांनी लिंक उघडली नाही, तेवढे हुशार, पण बँकेला फोन करून खात्री करू म्हणून गूगलवर कस्टमर केअर शोधलं आणि पहिला जो नंबर आला तो लावला. तो पण भामट्याचाच. 'आजोबा घाबरू नका, तो मेल खोटाच होता, मी तुमची खरी केवायसी करून देतो' असं गोड बोलून एक अॅप टाकायला लावलं, त्यात स्क्रीन तिकडे दिसत होती, आणि ओटीपी आपोआप गेले. म्हणजे खात्री करायला गेले तिथेच बुडाले.

मेसेज बघितल्यावर मेव्हण्याने आधी फोनचं नेट बंद केलं, दुसऱ्या फोनवरून कार्डामागच्या नंबरवर खातं ब्लॉक केलं, मग सायबर फसवणुकीचा १९३० हा नंबर लावला. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम हे तिकडे लगेच विचारतात, ते हाताशी ठेवा. काही रक्कम पुढच्या खात्यात अडवली गेली, बाकीची तोपर्यंत एटीएममधून काढलेली. अडवलेली अजून हातात आलेली नाही. बँक म्हणते माहिती तुम्हीच दिलीत, निष्काळजीपणा तुमचा. यावर कोणाला काही मिळालंय का?

निवृत्त_कॅशियर
रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाच्या चुकीने गेलं तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून तक्रारीची वेळ आणि क्रमांक लेखी घ्या आणि त्या वेळेनंतरचा एखादा व्यवहार आहे का ते बघा. स्क्रीन दाखवणाऱ्या अॅपने ओटीपी गेला तर ती 'दिली' म्हणायची का चोरली, यावर भांडायला जागा आहे. आधी बँकेकडे लेखी, उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. मिळेलच असं मी सांगणार नाही.

बिनधास्त_बंड्या
बघा, म्हणून म्हणतो डिलीट करा 😄

मुलुंडची_मीनल
अपडेट देते. मेलातली लिंक दाबून धरली तर पत्ता बँकेचा नव्हताच, भलतंच लांबलचक नाव. झालं, खोटा म्हणून मी जवळजवळ निकाल लावला होता. पण कॅशियरकाकांचं ऐकून मेल बाजूला ठेवला आणि फोनमध्ये आधीपासून असलेलं बँकेचं अॅप उघडलं. त्यात प्रोफाइलमध्ये केवायसीची तारीख होती, पुढच्या महिन्यातली! खाली 'माहितीत बदल नाही' असा पर्याय, तो निवडला, ओटीपी अॅपमध्येच टाकला, झालं. थोड्या वेळाने पोचपावतीचा क्रमांक आला. मेलला उत्तर दिलंच नाही. पण मग तो मेल खरा होता का?

कोथरूडचा_कोडर
असू शकतो. बऱ्याच कंपन्या घाऊक मेल पाठवायचं काम बाहेर देतात, आणि कोणी कुठे क्लिक केलं ते मोजायला त्या बाहेरच्या कंपनीच्या पत्त्यावरून लिंक फिरवतात. म्हणजे खऱ्या मेलातही लिंक परकी दिसते. ग्राहकांना पत्ता तपासा म्हणून शिकवायचं आणि आपणच असले मेल सोडायचे, मला तर हा उद्योगच कळत नाही. तपासून 'खोटा' कळतो, 'खरा' कळेलच असं नाही. तुझ्या मेलात `signed-by` पुढे काय आहे?

मुलुंडची_मीनल
बँकेचंच आहे. पण नवऱ्याने तोवर मेल स्पॅममध्ये टाकला 🙄

नाशिकची_नेहा
एक राहिलं, आईचं नि माझं जॉइंट अकाउंट आहे, मी केलं तर तिचं पण होतं का?

निवृत्त_कॅशियर
नाही. केवायसी माणसाची असते, खात्याची नाही. आईंचा ग्राहक क्रमांक वेगळा, त्यांची तारीखही वेगळी असेल. त्यांच्या मोबाइल नंबरऐवजी तुमचा नंबर लावलाय का तेही एकदा बघून घ्या, बऱ्याच घरात तसंच असतं.