मदत हवी आहे: नलीकलीचा वर्ग सहा महिन्यांसाठी दुसऱ्या टीचरच्या हाती द्यायचा आहे, टिपणात काय लिहू?

मलप्रभाकाठ

खानापूर तालुक्यातली सरकारी मराठी शाळा. पहिली ते तिसरी एकत्र, नलीकली, पट २३. ११ ऑगस्टपासून माझी बाळंतपणाची रजा सुरू होते. १८० दिवस म्हणजे ६ फेब्रुवारीपर्यंत. परतेन तेव्हा वर्ष संपत आलेलं असेल.

माझ्या जागी येणारी टीचर बेळगावची. मराठी छान बोलते, पण शिकली कन्नड माध्यमात, त्यामुळे देवनागरी जरा थांबून थांबून वाचते. आधी सहावी-सातवीला विज्ञान शिकवायची. नलीकलीची शिडी तिने लांबूनच पाहिली आहे. हेडसर म्हणाले, "पाठ टाचणाची वही देऊन टाका, झालं."

वही तयार आहे, महिनावार आहे. पण ती वाचून मलाच वाटतं की तिला पहिल्या दिवशी सकाळी दहाला काय करायचं हे त्यात कुठंच नाही. तुम्ही असं टिपण दिलं असेल किंवा घेतलं असेल तर सांगा.

वाळवंटीसर

ताई, अभिनंदन. खरं सांगू, महिनावार नियोजन आणि पुस्तकाची पानं लिहून द्या, पुरे होतं. मी पाचवीचा वर्ग असाच दोनदा दिलाय. कुठपर्यंत शिकवलं, कुठून शिकवायचं, चाचणी कधी. एका पानात बसतं. आणि रजा २६ आठवड्यांची असते हो, १८० दिवस नाही.

मलप्रभाकाठ

सर, २६ आठवडे खासगी नोकरीत. आमच्या सरकारी नियमात १८० दिवसच. पाचवीचं तुमचं बरोबर आहे, तिथे अख्खा वर्ग एकाच पानावर असतो. माझ्याकडे तेवीस पोरं तेवीस पायऱ्यांवर आहेत. पान कुठलं लिहू?

खडूची_डबी

एकोणीस वर्षं नलीकलीत काढली, म्हणून थोडं लांबलचक लिहिते.

टाचणाची वही बाजूला ठेवा. इथं शिडी म्हणजेच टाचण. नवीन टीचरला लागतं ते प्रत्येक मूल आज कुठल्या पायरीवर आहे एवढंच. ते प्रगती तक्त्यावर आहे असं आपण समजतो, पण तक्त्यावरची खूण नेहमी खरी नसते. कार्ड झालं की आपण खूण करतो, आणि पोरगं कार्ड चित्रावरून पाठ करून बसलेलं असतं. म्हणून शेवटच्या आठवड्यात एकेकाला पाच मिनिटं जवळ बसवा, चित्रावर हात ठेवा आणि वाचायला लावा. कार्डावर नसलेले शब्द फळ्यावर लिहा: घर, घार, घोर. तिन्हीला "घर" म्हटलं तर काना, मात्रा अजून आल्या नाहीत, मग तक्ता काहीही म्हणो. निघालेली खरी पायरी तारखेसह लिहा.

माझ्या शेजारच्या शाळेतली गोष्ट. बदलीवर आलेल्या बाईंनी भिंतीवरची मुळाक्षरं धरून अ, आ, इ सुरू केलं, सगळ्यांना एकदम. कार्डांत अक्षरं त्या क्रमाने येतच नाहीत, त्यामुळे दोन आठवड्यांत पोरांची कार्डं कुठली नि शिडी कुठली याचा मेळ लागेना. त्या बाई काही वाईट नव्हत्या, त्यांना सांगितलंच नव्हतं कुणी.

दुसरी गोष्ट पाच तट्ट्यांची. नवीन माणूस त्याला बाकं समजतो आणि हुशारांचं एक, मागासलेल्यांचं एक असं करून बसतो. पोरगं कुठं बसेल हे त्याच्या त्या दिवसाच्या कार्डावरून ठरतं. आज टीचरजवळ, उद्या मित्राच्या मदतीने, परवा एकटं. टिपणात ठळक लिहा: तीच चार पोरं आठवडाभर तुमच्याजवळ बसली असतील, तर पायरी पुढं सरकत नाहीये किंवा तट्टं चुकलंय.

बोरीची_बाई

मी उलट्या बाजूला होते, निपाणीकडे. मला चाळीस पानांची फाईल मिळाली होती. कव्हरवर रंगीत कागद, आत विषयवार, उद्दिष्टवार. तिसऱ्या दिवसानंतर उघडली नाही. वापरला तो एकच कागद, आधीच्या बाईंनी जाताना पेन्सिलीने लिहिलेला: कुणाला कोण घ्यायला येतं, कुणाला अंडं चालत नाही म्हणून त्या दिवशी केळं द्यायचं, कोण आईचं नाव काढलं की रडतो, आणि चपराच्या दोऱ्यांवर आपलं चित्र लटकवायला कोण भांडतं. तेवढ्यावर मी वर्ग सांभाळला.

पण एक चुकलं होतं. त्याच कागदावर एका घरातल्या भांडणाचं सगळं लिहिलेलं. कागद शिक्षकांच्या व्हॉट्सअॅपवर फोटो होऊन फिरला. असलं तोंडी सांगा, लिहू नका.

सुगीचा_माणूस

टीचर, रजेचा अर्ज हेडसरांमार्फत पाठवला का? माझ्या बायकोच्या वेळी कागद बीईओ ऑफिसात अडकला होता, पगार तीन महिने आला नाही. आधी ते बघा, टिपण नंतर.

मलप्रभाकाठ

अर्ज गेलाय, पोच घेतलीय. पगाराचं देव जाणे.

खडूच्या डबीताई, तुमचं वाचून आज चार पोरांना जवळ बसवलं. दुसरीतली एक मुलगी, घरी कन्नड, तक्त्यावर मात्रांच्या सगळ्या खुणा. घर, घार, घोर दिलं तर तिन्हीला "घर". मी महिनाभर खूश होते तिच्यावर! आता तिच्या नावापुढे असं लिहिलंय: "खूण पुढची, पायरी मात्रांची. कार्ड पाठ आहे. चित्र झाकून वाचायला लावा. कन्नडमध्ये विचारलं तर अर्थ सांगते, म्हणजे समजतं पण अक्षर ओळखत नाही." हेच तेवीस वेळा लिहायचं तर पानं भरतील, म्हणून पाचजणांचं लांब, बाकीच्यांची एकेक ओळ.

एक अडतंय. येणारी टीचर "चमचा"तले दोन्ही च "चिमणी"सारखे म्हणते, "जहाज"चंही तसंच. पोरं हसतात. टिपणात लिहिलं तर तिला वाईट वाटेल का?

खडूची_डबी

लिहू नका, सांगा. एक दिवस शेजारी बसून कार्डं वाचून घ्या तिच्याकडून, कुणाची चूक असं न म्हणता. कन्नडमध्ये हा च नाही, तिला ऐकूनच येईल. निघायच्या आधी दोन दिवस तरी तिने तुमच्याबरोबर वर्गात असावं असं हेडसरांना सांगा. टिपणापेक्षा ते दोन दिवस जास्त कामाचे.

वाळवंटीसर

दोन दिवस कोण देणार? आमच्याकडे अतिथी शिक्षक रजा सुरू झाल्यावरच येतो.

मलप्रभाकाठ

तोच प्रश्न आहे. ती ११ तारखेलाच येणार असं दिसतंय. मी ९ तारखेला शनिवारी अर्धा दिवस तिला बोलावणार आहे, स्वतःच्या जबाबदारीवर. जमेल का बघते.

आणि नोव्हेंबरात भातकापणीला सात-आठ पोरं आठ-दहा दिवस येत नाहीत. ती परत आली की जिथं थांबली तिथूनच कार्ड द्यायचं, वर्गाच्या मागे पळवायचं नाही, हे लिहिलंय. एक मात्र मला ठरवता येत नाही: नवीन टीचरला वाटलं की एखादं पोर पुढच्या पायरीला तयार आहे, तर तिने स्वतः सरकवावं, की फोन करून मला विचारावं? मी तर बाळंतपणात असणार. कुणी काय केलंय?

बोरीची_बाई

सरकवू दे तिला. फक्त तारीख लिहायला सांगा.

खडूची_डबी

मी म्हणेन एसए१ची चाचणी होईपर्यंत तरी सरकवू नये. बोरीच्या बाईंना हे पटणार नाही, माहीत आहे.